गैरहजर मुलगा सरासरीच्या वर

आठवीच्या एका तुकडीत बारा मुलं आहेत असं समजू. गणिताचा पेपर पन्नास गुणांचा. वर्गशिक्षिकेनं एक्सेलच्या A कॉलममध्ये नावं घातली आहेत आणि B कॉलममध्ये B2 पासून B13 पर्यंत गुण: ३८, २७, मग एक रिकामा सेल, ४४, ३१, १९, ३५, पुन्हा एक रिकामा सेल, ४२, २४, ३३ आणि ३७. रिकामे दोन सेल त्या दिवशी न आलेल्या दोघांचे. बाईंना एवढंच हवंय, की वर्गाच्या सरासरीपेक्षा ज्यांना जास्त गुण आहेत त्यांचे सेल आपोआप हिरवे व्हावेत आणि गैरहजर मुलांच्या सेलना रंगाचा स्पर्शही होऊ नये.

हिशेब आधी कागदावर करून ठेवलेला बरा, म्हणजे एक्सेल काय करतंय ते पुढे ताडून पाहता येईल. दहा मुलांची बेरीज ३३०, म्हणून सरासरी ३३. तिच्यावर पाच जण: ३८, ४४, ३५, ४२ आणि ३७. गैरहजर दोघांना शून्य धरून बाराने भागलं तर सरासरी २७.५ वर घसरते आणि ३१ आणि ३३ वालेही वर चढतात. मग हिरवे सेल सात. म्हणजे रिकाम्या जागेकडे कसं पाहायचं या एका प्रश्नावर दोन मुलांचा रंग ठरतो.

एक्सेलमध्ये यासाठी एक तयार सोय आहे. गुणांचे सेल निवडायचे, `Home` टॅबवर `Conditional Formatting` दाबायचं, त्यातल्या `Top/Bottom Rules` मध्ये `Above Average` निवडायचं, रंग सांगायचा, झालं. ही सोय एक्सेल २००७ पासूनची. त्याआधी, म्हणजे एक्सेल ९७ मध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग आलं तेव्हापासून २००३ च्या आवृत्तीपर्यंत, एका सेलला जास्तीत जास्त तीन अटी लावता येत आणि सरासरीची अट स्वतः फॉर्म्युला लिहूनच घालावी लागे. तयार नियम आपल्या बारा मुलांवर चालवला तर तो चोख काम करतो. रिकामे सेल सरासरीत धरत नाही, रंगवतही नाही, आणि पाच सेल हिरवे करतो. ३३ गुणांची मुलगी मात्र बिनरंगाची राहते, कारण ती सरासरीच्या बरोबर आहे, वर नाही. तिलाही घ्यायचं असेल तर `New Rule` मध्ये जाऊन सरासरीच्या नियमाच्या यादीतला `equal or above` हा पर्याय निवडावा लागतो. ते ठरवणं शिक्षिकेचं काम, एक्सेलचं नाही.

मग अडचण कुठे येते? दुसरा विषय आला की. समजा C कॉलममध्ये विज्ञानाचे गुण आहेत, तिथेही दहाच मुलं बसली होती आणि पेपर अवघड निघाल्यामुळे सरासरी २५ आली. बाईंनी B2 ते C13 असा सगळा पट्टा एकदम निवडून `Above Average` दाबलं, तर एक्सेल प्रत्येक विषयाची वेगळी सरासरी काढत नाही. सगळ्या वीस आकड्यांची मिळून एकच काढतं, ती येते २९. आता गणितात ३१ मिळवणारा मुलगा हिरवा होतो, खरं तर तो गणिताच्या सरासरीच्या खाली आहे. उलट विज्ञानात २८ मिळवणारी मुलगी त्या अवघड पेपरात सरासरीच्या वर असूनही कोरी राहते. पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही, रंग छान पसरलेले असतात. एकेका कॉलमवर नियम वेगळा लावला तर हे टळतं, पण सहा विषय आणि चार तुकड्या असल्या की माणूस कंटाळतो आणि फॉर्म्युल्याकडे वळतो.

त्यासाठी पुन्हा सेल निवडायचे, `New Rule` मधला शेवटचा पर्याय, `Use a formula to determine which cells to format`, घ्यायचा आणि खालच्या चौकटीत हे लिहायचं:

```
=B2>AVERAGE(B$2:B$13)
```

मग `Format` दाबून रंग द्यायचा. फॉर्म्युला एकदाच लिहिलाय, पण एक्सेल तो निवडलेल्या प्रत्येक सेलसाठी सरकवून वाचतं. B3 साठी B2 च्या जागी B3 येतं, C5 साठी C5. सरासरीच्या पट्ट्यात मात्र ओळींच्या आधी डॉलरची खूण आहे, म्हणून २ ते १३ या ओळी हलत नाहीत. कॉलमच्या अक्षराआधी डॉलर नाही, म्हणून विज्ञानाच्या सेलसाठी तोच पट्टा C कॉलमचा होतो. प्रत्येक विषयाला स्वतःची सरासरी मिळते ती या एका खुणेच्या असण्यानसण्यामुळे.

डॉलर चुकला तर कसं ओळखायचं, हेही सांगता येतं. तो अजिबात नसेल तर पट्टा सेलबरोबर खाली घसरत जातो. शेवटच्या B13 साठी तो B13 ते B24 होतो, खाली काहीच नसल्यामुळे सरासरी म्हणजे ३७ हाच आकडा, आणि ३७ हा ३७ पेक्षा मोठा नसतो. म्हणून यादीतला शेवटचा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी कधीच हिरवा होत नाही. उलट सगळीकडेच डॉलर पडले, म्हणजे फॉर्म्युला `=$B$2>AVERAGE($B$2:$B$13)` असा झाला, तर प्रत्येक सेल पहिल्या मुलाचे ३८ गुण पाहूनच रंगतो आणि रिकाम्या सेलसकट सगळा कॉलम हिरवागार होतो. हे दुसरं फार वेळा घडतं, कारण त्या चौकटीत लिहिताना माउसनं सेलवर टिचकी मारली की एक्सेल आपणहून दोन्ही डॉलर घालतं. आणखी एक गोष्ट: फॉर्म्युला लिहायचा तो निवडीतल्या चालू सेलसाठी, ज्याचं नाव डावीकडे वरच्या `Name Box` मध्ये दिसतं. B13 कडून वर ओढत निवड केली असेल तर तो सेल B13 असतो, आणि B2 साठी लिहिलेला फॉर्म्युला चुकीच्या ओळीला चिकटतो.

आतापर्यंत सेल खरोखरच रिकामे होते. अशा सेलची तुलना करताना एक्सेल त्याला शून्य समजतं. शून्य काही ३३ पेक्षा मोठं नाही, म्हणून तो हिरवा होत नाही. इथवर नशीब साथ देतं.

पण निकालपत्रकात सेल रिकामा ठेवायला शिक्षकांचा हात सहसा धजावत नाही. गुण भरायचे राहिले की मुलगा आलाच नव्हता, हे नंतर कळायला नको का? म्हणून तिथे `AB` लिहितात, कुणी `गै.ह.` लिहितं. बाईंनी त्या दोन जागी `AB` लिहिलं आणि पाहिलं तर दोन्ही गैरहजर मुलं हिरवी! सरासरी तपासावी तर ती बरोबर ३३. हिरवे सेल पुन्हा सात झाले, पण मघाचे सात वेगळे आणि हे वेगळे. तेव्हा ३१ आणि ३३ वाले घुसले होते, आता पेपरलाच न बसलेले घुसलेत.

कारण असं, की या एका ओळीच्या फॉर्म्युल्यात दोन कामं आहेत आणि मजकुराच्या बाबतीत ती दोन वेगवेगळ्या कायद्यांनी चालतात. `AVERAGE` हे फंक्शन दिलेल्या पट्ट्यातला मजकूर आणि रिकामे सेल सरळ ओलांडून जातं, फक्त आकडे घेतं. पण `>` ही खूण काहीच ओलांडत नाही. एक्सेलमध्ये तुलनेची एक ठरलेली उतरंड आहे: सगळे आकडे खाली, सगळा मजकूर त्यांच्या वर, आणि `TRUE`, `FALSE` ही उत्तरं त्याहून वर. म्हणजे मजकूर कोणताही असो, तो कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. `AB` हे ३३ पेक्षा मोठं, आणि दहा लाखांपेक्षाही मोठं. सरासरीनं ज्या मुलाला मोजलंच नाही त्यालाच तुलना पहिल्या रांगेत बसवते.

बहुतेकांना यावर सुचणारा उपाय म्हणजे अटीत `B2<>""` घालणं, म्हणजे सेल रिकामा नसेल तरच पुढचं पाहा असं सांगणं. तो `AB` ला थांबवत नाही हे उघड आहे, कारण `AB` रिकामा नाहीच. पण तो रिकाम्या दिसणाऱ्या सेललाही दरवेळी थांबवत नाही. रिकामा दिसणारा सेल तीन-चार प्रकारचा असू शकतो, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

पहिला प्रकार स्पेसबारचा. चुकून पडलेला आकडा पुसायला `Delete` दाबण्याऐवजी कित्येक जण स्पेसबार दाबून एंटर मारतात. आकडा दिसेनासा होतो, पण सेलमध्ये एक मोकळी जागा बसलेली असते, आणि मोकळी जागा हा मजकूर आहे. ती `""` च्या बरोबर नाही, म्हणून अट पार होते, आणि मजकूर असल्यामुळे सरासरीपेक्षा मोठी ठरते. पडद्यावर एक कोरा, हिरवा चौकोन उमटतो.

दुसरा प्रकार शाळेच्या एकत्रित निकालपत्रकात भेटतो. विषयशिक्षक आपापल्या शीटमध्ये गुण भरतात आणि वर्गशिक्षिका आपल्या शीटमध्ये ते `=Ganit!B4` अशा जोडणीनं खेचून घेते. तिकडचा B4 रिकामा असेल तर इकडे रिकामं येत नाही, शून्य येतं. गैरहजर दोघांचे दोन शून्य आले की `AVERAGE` ते इमानेइतबारे मोजतं आणि सरासरी २७.५ होते. त्यात कुणी शून्य दिसू नये म्हणून एक्सेलच्या सेटिंगमध्ये ते लपवलेलं असेल तर सेल कोरा दिसतो आणि हिशेब मात्र आतून बिघडलेला असतो. या शून्यावर काही जण `AVERAGEIF(B$2:B$13,">0")` अशी मात्रा देतात. ती लागूही पडते, फक्त तिच्यात पेपरला बसून खरोखर शून्य मिळवलेलं मूलही गैरहजरांबरोबर हिशेबातून बाहेर फेकलं जातं. शून्य हा गुण आहे, गैरहजेरी नाही, आणि नुसत्या आकड्याकडे पाहून एक्सेलला हा फरक कळणं शक्य नाही.

म्हणून जोडणीच सुधारावी लागते:

```
=IF(Ganit!B4="","",Ganit!B4)
```

तिकडे काही नसेल तर इकडेही काही दाखवू नको, असा याचा अर्थ. शून्य गेलं, सरासरी पुन्हा ३३ झाली. पण आता या सेलमध्ये `""` आहे, म्हणजे लांबी शून्य असलेला मजकूर. मजकूर म्हटला की तो ३३ पेक्षा मोठा, आणि साध्या नियमाखाली दोन्ही कोरे सेल हिरवे होतात. एक दुखणं बरं करताना दुसरं ओढवतं ते असं. इथे `ISBLANK` वापरून पाहणारे तर चक्रावूनच जातात. डोळ्यांना सेल कोरा दिसतो, पण त्यात फॉर्म्युला असल्यामुळे `ISBLANK` त्याला रिकामा मानायला तयार नसतं.

या सगळ्या प्रकारांमागे धावण्यापेक्षा प्रश्न उलटा विचारलेला सोपा पडतो. सेल रिकामा आहे का, हे विचारायचंच नाही. त्यात आकडा आहे का, एवढंच विचारायचं:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>AVERAGE(B$2:B$13))
```

खरा रिकामा सेल, स्पेसबारची मोकळी जागा, फॉर्म्युल्यातून आलेला `""`, `AB`, `गै.ह.`, यातलं काहीही `ISNUMBER` च्या दारातून आत येत नाही. खरं शून्य येतं, कारण तो आकडा आहे. बारा मुलांवर हा नियम लावला की हिरवे सेल पाचच उरतात आणि विज्ञान, इंग्रजी, इतिहास असे कितीही कॉलम एकदम निवडले तरी प्रत्येकाची सरासरी वेगळी राहते. गूगल शीट्समध्ये हाच फॉर्म्युला `Format` मेन्यूतल्या `Conditional formatting` मध्ये `Custom formula is` हा पर्याय घेऊन जसाच्या तसा टाकता येतो.

सरासरीच्या खालच्यांना लाल करायचं असेल तर याच `ISNUMBER` ची गरज आणखी वाढते. तिथे `=B2<AVERAGE(B$2:B$13)` एवढंच लिहिलं तर खरोखर रिकामा सेल शून्य समजला जातो, शून्य ३३ पेक्षा लहान, म्हणून गैरहजर मूल लाल होतं. `AB` लिहिलेलं मूल मात्र कोरं राहतं, कारण मजकूर मोठा. एकाच दिवशी गैरहजर असलेली दोन मुलं, एकाच्या सेलमध्ये काही लिहिलंय आणि दुसऱ्याच्या नाही, एवढ्यावरून पत्रकात दोन वेगळ्या रंगांची.

एवढं करूनही एक चूक शिल्लक राहू शकते, आणि ती सर्वांत लबाड. गुण दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून किंवा वेबपेजवरून कॉपी करून आणले की काही आकडे मजकुराच्या रूपात येतात. दिसायला १९, पण एक्सेलच्या लेखी ती दोन अक्षरं. समजा B7 मधले १९ असे आले. `AVERAGE` त्यांना ओलांडून जातं, मग बेरीज ३११, मुलं नऊ, आणि सरासरी ३३ ऐवजी ३४.५६ च्या आसपास. साधा नियम असता तर वर्गातले सर्वांत कमी गुण सरासरीच्या वर म्हणून हिरवे झाले असते, आणि अशी विसंगती निदान डोळ्यांत तरी भरते. `ISNUMBER` असल्यामुळे तसं होत नाही, सेल गुपचूप कोरा राहतो. रंग योगायोगानं बरोबर, सरासरी मात्र चुकलेली. म्हणजे चांगला नियम इथे चूक झाकतो, हे मान्य करायला हवं.

ती शोधायची खूण रंगात नाही, मोजणीत आहे. B2 ते B13 निवडले की एक्सेलच्या खालच्या पट्टीवर `Average`, `Count` आणि `Sum` दिसतात. खरोखर रिकामे दोन सेल असलेल्या आपल्या यादीत तिथे ३३, १० आणि ३३० दिसायला हवं. हा `Count` काहीही भरलेले सेल मोजतो, म्हणून तो १२ दाखवत असेल तर कोऱ्या दिसणाऱ्या सेलमध्ये काहीतरी दडलंय. फक्त आकडे मोजायचे तर कुठल्याही मोकळ्या सेलमध्ये `=COUNT(B2:B13)` लिहायचं. पेपरला किती मुलं बसली होती ते हजेरीवरून माहीत असतंच. दहा बसली आणि `COUNT` नऊ सांगतोय, तर एक आकडा मजकूर झालेला आहे. असा सेल बहुधा डाव्या कडेला चिकटलेला असतो, कारण आकडे आपसूक उजवीकडे बसतात आणि मजकूर डावीकडे. त्याच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही दिसतो. त्रिकोणाशेजारच्या खुणेवर जाऊन `Convert to Number` केलं की काम होतं. कॉलमला आधीच मध्यभागी मांडणी दिलेली असेल तर डावीउजवीकडची खूण हरवते, म्हणून तपासणी होईपर्यंत पत्रक नटवण्याची घाई करू नये हे बरं.

हिरव्या सेलची संख्याही ताडून पाहता येते. `=COUNTIF(B2:B13,">"&AVERAGE(B2:B13))` हा फॉर्म्युला सरासरीपेक्षा मोठे आकडे मोजतो आणि मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही. आपल्या यादीत तो ५ सांगतो. पडद्यावर सात हिरवे आणि उत्तर पाच, तर ते दोन कोण हे शोधायला वेळ लागत नाही.

गैरहजरांना सरासरीतून वगळणं हे गणिताच्या दृष्टीनं रास्त आहे, पण त्यातून निघणारी सरासरी पेपरला बसलेल्यांची असते, वर्गाची नव्हे. परीक्षेच्या दिवशी घरी राहणारी मुलं बहुतेक अभ्यासात मागे पडलेलीच असतील, तर ३३ हा आकडा वर्गाला आहे त्यापेक्षा थोडा बरा दाखवतो. म्हणून पत्रकात सरासरीच्या शेजारी किती मुलांची सरासरी आहे ते लिहिलेलं असावं. त्यासाठी सरासरी खाली B15 मध्ये काढून ठेवली, B16 मध्ये `COUNT` घातला, आणि नियमात नुसतं `B2>B$15` असं वापरलं तर नियम आटोपशीर होतो आणि रंग कशावरून आला ते पालकांनाही समोर दिसतं. मात्र नियम लावताना निवड B13 लाच थांबवायची, नाहीतर बेरीज आणि सरासरीच्या ओळीही स्पर्धेत उतरतात.

नियम एकदा नीट बसला तरी तो वर्षभर तसाच राहील असं नाही. पुरवणी परीक्षेनंतर कुणी दुसऱ्या शीटमधून गुण कॉपी करून साधं पेस्ट केलं, तर त्या सेलबरोबर तिकडचं फॉरमॅटिंगही येतं आणि इथला नियम त्या जागी तुटतो. असं चार-सहा वेळा झालं की `Manage Rules` मध्ये एका नियमाच्या जागी आठ-दहा तुकडे दिसू लागतात, एक B2 ते B6 साठी, दुसरा एकट्या B7 साठी. `Applies to` या रकान्यात हे वाचता येतं. तुकडे पुसून टाकायचे, एकच नियम ठेवायचा आणि त्याचा पट्टा पुन्हा पूर्ण लिहायचा. पुढच्या वेळी `Paste Special` मधलं `Values` घेतलं तर फक्त आकडे येतात, नियमाला धक्का लागत नाही. आणि पत्रक काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापायचं असेल तर हिरवा आणि लाल दोन्ही करडेच दिसतात, म्हणून `Format` मध्ये रंगाबरोबर ठळक अक्षरांचाही पर्याय निवडून ठेवायचा. अक्षराचा आकार किंवा फॉन्ट मात्र या नियमातून बदलता येत नाही.